फुल्या खोडा, शब्द लिहा

"सदर इसमाने फिर्यादीस अर्वाच्य भाषेत शिवीगाळ करून दमदाटी केली." महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यात जा, बाईची तक्रार शेवटी या एका वाक्यात येऊन पडते. नवऱ्याने केलेली असो, मुकादमाने केलेली असो, शेजाऱ्याने केलेली असो, वाक्य तेच. त्याने नेमकं काय म्हटलं ते त्यात नसतं. कुठल्या भाषेत म्हटलं तेही नसतं. बाईला जे ऐकावं लागलं ते सोडून बाकी सगळं त्यात असतं.

आपल्याला या वाक्याचा राग यायला हवा. पण खरं सांगायचं तर संघटनांच्या केंद्रांतून जे अर्ज लिहिले जातात, त्यातही हाच प्रकार दिसतो. कुठे "घाणेरडे शब्द वापरले", कुठे "चारित्र्यावर शिंतोडे उडवले", कुठे पहिलं अक्षर आणि पुढे फुल्या. मोर्चात आपण घसा फोडून बोलतो आणि अर्ज लिहायला बसलो की सोज्ज्वळ होतो. या फुल्या कोणाची लाज झाकतात? बाईने ते शब्द ऐकलेले आहेत, चारचौघांत ऐकलेले आहेत. ज्याने ते उच्चारले त्याला लाज वाटलेली नाही. मग कागदावर ते झाकून आपण फक्त त्याचीच सोय करतो. म्हणून या लेखात मी शब्द पूर्ण लिहिणार आहे. ज्यांना ते वाचवणार नाहीत त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की एका बाईला ते तोंडावर ऐकावे लागले होते.

मी सोलापूरचं उदाहरण घेते, कारण तिथे हा प्रश्न सगळ्यात गुंतागुंतीचा होतो. सोलापूरच्या पूर्व भागात घरात तेलुगू, बाजारात मराठी, कारखान्यात दख्खनी हिंदी आणि थोडं पलीकडे गेलं की कानडी. माणसं एका वाक्यात तीन भाषा बोलतात आणि ते त्यांना जाणवतही नाही. शिव्याही तशाच तीन भाषांत येतात. पोलीस ठाण्याची आणि कोर्टाची भाषा मात्र मराठी. या दोन्हींच्या मधे जे सांडतं, त्यातच बहुतेक वेळा गुन्हा असतो.

एक बीडी कामगार बाई. नवरा नाही, दोन मुलं, घरी बसून बिड्या वळते. तिला आपण अक्का म्हणू, वस्तीत सगळ्या तिला अक्काच म्हणतात. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील मी बदलले आहेत. अक्का हजार बिड्या घेऊन ब्रँचवर गेली. तपासणाऱ्याने त्यातल्या बऱ्याच छाटमध्ये टाकल्या, म्हणजे खराब ठरवून बाजूला काढल्या. छाटचे पैसे मिळत नाहीत आणि पान-तंबाखूचा हिशोब मात्र बाईच्याच डोक्यावर बसतो. अक्काने विचारलं, यात खराब काय आहे? त्यावर तो म्हणाला:

"ए लंजा, रात्रिकि वस्तावा? एंत तीसुकुंटावे? नै तो तेरा पूरा माल छाट में डालता मैं. जा, सांग कुणाला सांगायचं ते."

आजूबाजूला आठ-दहा बायका रांगेत होत्या. काही तेलुगू, काही मराठी, दोन-तीन मुसलमान. मराठी कारकून टेबलापाशी होता.

या वाक्याकडे नीट पाहा. पहिला भाग तेलुगू आहे. 'लंजा' म्हणजे वेश्या. 'रात्रिकि वस्तावा' म्हणजे रात्री येतेस का. 'एंत तीसुकुंटावे' म्हणजे किती घेतेस. मधला भाग दख्खनी हिंदीत, म्हणजे रांगेतल्या सगळ्यांना कळेल असा: नाहीतर तुझा सगळा माल छाटमध्ये टाकतो. शेवटचा भाग मराठीत, कारकुनाकडे बघत: जा, सांग कुणाला सांगायचं ते. भाषांची ही वाटणी आपोआप झालेली नाही. मागणी त्या भाषेत केली जी कारकुनाला कळत नाही. धमकी त्या भाषेत दिली जी रांगेतल्या सगळ्या बायकांना कळली पाहिजे. आणि 'माझं कोणी वाकडं करू शकत नाही' हे मराठीत, कारण सत्तेची भाषा ती आहे. हे सगळं "अर्वाच्य भाषेत शिवीगाळ" या तीन शब्दांत कुठे उरतं?

अक्का त्याच संध्याकाळी ठाण्यात गेली. अंमलदाराने विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "त्यानं घाण घाण शिव्या दिल्या साहेब, माल टाकून देतो म्हणला." एवढ्या पुरुषांसमोर ती याहून जास्त काय बोलणार? झालं, वर दिलेलं वाक्य कागदावर उतरलं आणि अदखलपात्र नोंद करून एनसीची पावती तिच्या हातात आली.

इथे कायद्याचं थोडं सांगितलं पाहिजे. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि आपल्या पाठ असलेल्या कलमांचे आकडे बदलले. शांतताभंग व्हावा म्हणून मुद्दाम केलेला अपमान, म्हणजे जुनं 504, ते आता 352. ते अदखलपात्र आहे. पोलीस नोंद करतात, पावती देतात आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत. बाईच्या लज्जेचा अपमान करण्याच्या हेतूने उच्चारलेला शब्द, केलेला आवाज किंवा हावभाव, म्हणजे जुनं 509, ते आता 79. लैंगिक छळ, जुनं 354-अ, ते आता 75. त्यात शरीरसंबंधाची मागणी किंवा विनंती करणं हा एक प्रकार आहे आणि लैंगिक अर्थाचे शेरे मारणं हा दुसरा. 75 आणि 79 दोन्ही दखलपात्र आहेत. म्हणजे पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागतो, तपास करावा लागतो. शिवाय या कलमांखालची फिर्याद महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा कुठल्या तरी महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यावी असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं.

"शिवीगाळ करून दमदाटी केली" असं लिहिलं तर 352 आणि पावती. "रात्रिकि वस्तावा? एंत तीसुकुंटावे?" असं लिहून त्याचा खरा अर्थ खाली दिला तर 75 आणि 79 आणि गुन्हा. घटना एक, माणूस एक, बाई एक. फरक फक्त शब्द लिहिले की नाहीत याचा.

आता काही वकील मंडळी म्हणतात, एवढं कशाला, तक्रारीत नेमके शब्द असलेच पाहिजेत असा कायदा नाही. बरोबर आहे. फिओना श्रीखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 2013 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 504 बद्दल तसंच म्हटलं आहे: प्रत्यक्ष शब्द तक्रारीत आलेच पाहिजेत असं नाही, तक्रार एकूण वाचून मुद्दाम अपमान झाल्याचं प्रथमदर्शनी दिसलं पाहिजे. पण तो प्रश्न खासगी तक्रारीवर दंडाधिकाऱ्याने समन्स काढावं की नाही, एवढ्या पायरीपुरता होता. दार उघडण्यापुरता. आपली बाई त्या दारातून आत गेल्यावर दोन वर्षांनी साक्षीला उभी राहते आणि प्रथमच सांगते, "तो मला लंजा म्हणाला, रात्री येतेस का म्हणाला." तेव्हा समोरचा वकील उठतो आणि शांतपणे विचारतो, हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं का? फिर्यादीत का नाही? महत्त्वाची गोष्ट आधीच्या जबाबात नसणं हीसुद्धा विसंगती मानली जाऊ शकते. कोर्टाच्या भाषेत बाईने "सुधारणा" केली, म्हणजे आपल्या भाषेत, ती रचून सांगते आहे. जी बाई लाजेने गप्प बसली तीच खोटारडी ठरते.

आणखी एक निकाल आपण माहीत करून घ्यायला हवा. 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर 'गंदी औरत' या शब्दांवरून 509 चं प्रकरण आलं. न्यायालयाने म्हटलं, हे शब्द उद्धट आणि अपमानकारक आहेत खरे, पण आगचं-मागचं काही नसताना, नुसते सुटे घेतले तर त्यांतून लज्जेचा अपमान करण्याचा हेतू दिसत नाही. या निकालावर वाद घालता येईल, घालायलाही हवा. पण आपल्या कामासाठी त्यातून निघतं ते असं की एकटी शिवी पुरत नाही. तिच्या आधी काय चाललं होतं, शिवीनंतर तो काय म्हणाला, कुठे उभा होता, कोणाकडे बघत होता, हे सगळं आलं तरच शिवीचा रोख कळतो. अक्काच्या बाबतीत नुसतं 'लंजा' लिहून भागलं नसतं. गुन्ह्याचं मर्म पुढच्या दोन साध्यासुध्या प्रश्नांत आहे, ज्यांत एकही घाण शब्द नाही.

यावरून अर्थाकडे वळू, कारण शब्द जसेच्या तसे लिहिणं हे अर्धंच काम आहे. तेलुगू न येणाऱ्या अंमलदाराला, सरकारी वकिलाला, न्यायाधीशाला 'एंत तीसुकुंटावे' म्हणजे काय ते कळायला हवं. आणि इथे दोन बाजूंनी घसरायला होतं.

एक घसरण सौम्य करण्याची. 'लंजा' चा अर्थ "वाईट चालीची बाई" असा दिला जातो. तसा तो नाही, तो वेश्या असा आहे. तेलुगूत 'मुंडा' अशीही शिवी आहे, मूळ अर्थ विधवा. ती ऐकली की मराठी माणूस खांदे उडवतो, विधवा म्हटलं त्यात काय एवढं. पण आपल्या 'रांड' या शब्दाचाही जुना अर्थ विधवाच आहे ना? नवरा मेलेली बाई ती बाजारबसवीच असणार, हा विचार दोन्ही भाषांनी एकाच वाटेने शिवीत उतरवला. तेव्हा अर्थ लिहिताना दोन्ही लिहायला हवेत: शब्दशः विधवा, शिवी म्हणून बदफैली बाई. इंग्रजीचंही तसंच. शिकलेल्या घरांतून नवरा 'बिच' म्हणतो आणि अर्जात भाषांतर होतं 'कुत्री'. मराठीत कुत्री म्हटलं तर तेवढं लागत नाही, उलट हसू येतं. तिथे लिहावं: इंग्रजीत बाईला उद्देशून दिली जाणारी शिवी, शब्दशः कुत्री.

दुसरी घसरण उलट बाजूची, आणि ती आपल्या कार्यकर्त्यांच्या हातून जास्त होते. अर्जाला जोर यावा म्हणून लिहिलं जातं: तो मला म्हणाला, "मला शरीरसुख दे." हे पोलिसी मराठी आहे, सोलापुरात कोणी माणूस असं बोलत नाही. उलटतपासणीत प्रश्न येतो, "शरीरसुख हा शब्द त्याने वापरला?" बाई प्रामाणिक असते, ती म्हणते, नाही. "मग हा शब्द कोणाचा? संस्थेच्या बाईंचा?" संपलं. त्याचप्रमाणे 'लंजा' च्या जागी समजायला सोपं म्हणून 'रांड' लिहिलं, तर अर्थाने फार चूक नाही, पण तो शब्द त्याने उच्चारलेलाच नाही. रांगेतल्या बायका खरं सांगतील, 'लंजा म्हणाला', आणि फिर्यादीत निघेल 'रांड'. मग फिर्यादी एक सांगते आणि साक्षीदार दुसरं, असा बोभाटा करायला वकील मोकळा.

म्हणून अवतरणचिन्हांत फक्त त्याच्या तोंडचं. आपलं तिथे एक अक्षर नको. खाली शब्दशः अर्थ. त्याच्या खाली, वेगळं करून, बाईला त्यातून काय समजलं आणि का. हे तीन थर एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. अक्काचा अर्ज दुसऱ्या दिवशी असा लिहिला गेला:

"मी बिड्या छाटमध्ये का टाकल्या असे विचारले असता तो मला सर्वांसमोर मोठ्या आवाजात म्हणाला, 'ए लंजा, रात्रिकि वस्तावा? एंत तीसुकुंटावे? नै तो तेरा पूरा माल छाट में डालता मैं. जा, सांग कुणाला सांगायचं ते.' यातील पहिली दोन वाक्ये तेलुगू भाषेतील आहेत. त्यांचा शब्दशः अर्थ: ए वेश्ये, रात्री येतेस का? किती घेतेस गं? पुढील वाक्य हिंदी आहे. अर्थ: नाहीतर तुझा सगळा माल मी छाटमध्ये टाकतो. शेवटचे वाक्य मराठी आहे. माझी मातृभाषा तेलुगू आहे व मला हे सर्व समजले. 'किती घेतेस' हे त्याने पान-तंबाखूबद्दल विचारले नाही, कारण पान-तंबाखू तो स्वतःच मोजून देतो व त्याची नोंद त्याच्याकडे असते. 'रात्री येतेस का' याला लागूनच त्याने ते विचारले. त्यावरून तो मला पैसे घेऊन रात्री येण्यास सांगत आहे व न आल्यास माझा माल नाकारेल असे मला समजले. त्यानंतर तो आणखी काही तेलुगूत बोलला, ते शब्द मला नीट आठवत नाहीत."

पान-तंबाखूचं वाक्य मुद्दाम आहे. आरोपीचा बचाव अर्ज लिहितानाच दिसायला हवा. "मी विचारलं, पान किती घेतेस" असं तो म्हणणार हे उघड होतं, कारण 'तीसुकुंटावे' चा अर्थ नुसता 'घेतेस' आहे. अर्थ फुगवून तो बचाव मोडत नाही. शब्दशः अर्थ देऊन, मग तिथली परिस्थिती सांगितली की तो आपोआप लटका पडतो. 'वे' या शेवटाचंही तसंच. तेलुगूत बाईला असं 'वे' लावून बोलणं घरातल्यांत, मैत्रिणींत चालतं. परक्या पुरुषाने लावलं तर तो तिला तुच्छ लेखतो. मराठीत 'गं' लिहून ते थोडंसं येतं, पण सगळं येत नाही. प्रत्येक शेपटीवर निबंध लिहायची गरज नाही. मात्र तेलुगू बोलणारी साक्षीदार बाई असेल तर तिने आपल्या जबाबात हे एका वाक्यात सांगावं.

आणि ते शेवटचं वाक्य, "नीट आठवत नाहीत." अर्धवट आठवणारं जुळवून पूर्ण करण्याचा मोह फार असतो. करू नका. जे आठवतं ते आठवतं म्हणून लिहिलं आणि जे नाही ते नाही म्हणून लिहिलं, की बाकीच्यावर विश्वास बसतो.

हे टिपण घ्यायचं कसं? शक्य तितकं त्याच दिवशी, ठाण्यात जाण्याआधी, बाईबरोबर एकटीने बसून. तिला सुरुवातीपासून सांगू द्यावं आणि कानाला येईल तसं देवनागरीत लिहावं. शुद्ध करू नये. दख्खनीतलं 'नै तो' हिंदी पुस्तकासारखं 'नहीं तो' करू नये. तिला तेलुगू लिहिता येत असेल तर तिच्याच हाताने तेलुगू लिपीतही लिहून घ्यावं. "तो तुला अमुक म्हणाला का?" असं विचारायचं नाही. "पुढे काय म्हणाला?" एवढंच. अक्का पहिल्यांदा म्हणाली होती, "ताई, ते माझ्या तोंडानं नका वदवू." तिथे घाई चालत नाही. ती बोलणार नसेल तर तिला लिहू द्या, लिहिता येत नसेल तर तिच्या विश्वासातल्या बाईच्या कानात सांगू द्या. पण मग त्या बाईने लिहिलेलं अक्काला पुन्हा वाचून दाखवायचं आणि अक्काने 'हेच' म्हटलं पाहिजे. कच्च्या टिपणावर तारीख आणि वेळ घालून ते जपून ठेवायचं. पक्का अर्ज झाला म्हणून ते फाडायचं नाही.

बाकीच्या बायकांचं ऐकायचं ते एकेकीचं, वेगवेगळं. त्यांचं सगळं जुळणार नाही आणि जुळवायचंही नाही. रांगेतल्या एका मुसलमान बाईला तेलुगू येत नव्हतं. तिने सांगितलं, "वो उसको तेलुगू में कुछ बोला, 'लंजा' समझा मेरेकू, बाकी नै समझा. फिर बोला पूरा माल छाट में डालता." हा जबाब अपुरा आहे म्हणून कोणी सोडून देईल. पण कोर्टासमोर तोच सगळ्यात भक्कम ठरू शकतो, कारण शिकवलेली साक्षीदार 'बाकी समजलं नाही' असं कधी म्हणत नाही. अर्थ सांगायला मात्र आरोपीच्या नात्यातलं, कारखान्यातलं कोणी नको, आणि "मला येतं थोडं तेलुगू" म्हणणारा शिपाईही नको. दोन्ही भाषा नीट जाणणारी, घटनेत नसलेली बाई शोधावी आणि अर्थ कोणी सांगितला ते टिपणात लिहावं.

जातीवरून दिलेल्या शिवीत तर हे आणखी निकडीचं होतं. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2016 च्या सुधारणेपासून लोकांच्या नजरेसमोर जातीच्या नावाने शिवीगाळ करणं हे स्वतंत्र कलम आहे, 3(1)(s). ठाण्यातली ठरलेली ओळ इथेही तयार असते: "जातिवाचक शिवीगाळ केली". कुठली जात, कुठला शब्द? तेलुगू किंवा कानडी बोलणारा जेव्हा त्याच्या भाषेतलं जातीचं नाव शिवीसारखं वापरतो, तेव्हा मराठी अंमलदाराला ते जातीचं नाव आहे हेच कळत नाही, तो ते एखादं विशेषण समजून सोडून देतो. म्हणून अर्थाच्या ओळीत स्पष्ट यायला हवं: हा शब्द अमुक भाषेतलं अमुक जातीचं नाव आहे, मी त्या जातीची आहे, बोलणाऱ्याला ते माहीत आहे आणि तिथे अमुक-तमुक ऐकत होते. दलित बाईला लैंगिक शब्द वापरले तर 3(1)(w) हेही लागू शकतं. पण एकूण शब्दच लिहिले नाहीत तर कलमं शोधणार कशात?

आता ठाण्यातलं. तोंडी फिर्याद लिहून घेतल्यावर ती वाचून दाखवायची आणि मग सही घ्यायची हे कलम 173 मध्येच आहे. नुसतं "वाचलं, बरोबर आहे" यावर सही करायची नाही. अवतरणातला मजकूर शब्दाशब्दाने ऐकायचा. ठाण्यातला संगणक चालवणारा 'वस्तावा' चं 'वस्तू' करून ठेवतो, हे पाहिलेलं आहे. सहीच्या आधी दुरुस्ती मागायची, सहीनंतर फिर्यादीची प्रत मोफत मिळते ती तिथेच घ्यायची. अंमलदार म्हणतो, "मॅडम, असले शब्द सरकारी कागदावर येत नाहीत." येतात. कुठल्याही नियमात त्यांना बंदी नाही. तरी त्याने ऐकलं नाही तर आपला लेखी अर्ज द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेऊन पोच घ्यायची. निदान त्या तारखेला ते शब्द कागदावर होते एवढं तरी राहतं. गुन्हा नोंदवायलाच नकार दिला तर कलम 173(4) खाली पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येतं आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्याकडे. सोलापूर शहरासारखं आयुक्तालय असेल तर अर्ज तिथल्या उपायुक्तांच्या नावे.

कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण अधिकाऱ्याचा जो अहवाल असतो, त्यात शाब्दिक आणि भावनिक छळाचे रकाने छापलेले आहेत. चारित्र्यावर आरोप, हुंड्यावरून टोमणे, मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून अपमान, वगैरे. रकान्यात खूण केली की काम झालं असं वाटतं. खूण म्हणजे पुन्हा तेच, "शिवीगाळ केली". त्याला वेगळा कागद जोडावा आणि तारखेनुसार दोन-तीन प्रसंग त्याच्या शब्दांत लिहावेत. वीस वर्षांच्या संसारातली प्रत्येक शिवी लिहायची नाही, लिहून कोणी वाचणारही नाही. जे प्रसंग तिला नीट आठवतात, ज्यांना कोणी ऐकणारं होतं, तेवढेच.

अक्काचा अर्ज दुसऱ्या दिवशी घेतला गेला, पण सहज घेतला गेला नाही. अंमलदाराने अर्ज अर्धा वाचला, मान वर केली आणि विचारलं, हे खरंच असं बोलला? अक्का म्हणाली, "बोलला म्हणूनच लिवलंय." महिला उपनिरीक्षकांना बोलावण्यात आलं, पुरवणी जबाब झाला, 75 आणि 79 लागली. ब्रँचमधून दोन माणसं घरी येऊन गेली, "अक्का, शब्दाला शब्द वाढतो, मिटवून टाक." तिने टाकलेलं नाही. त्या आठवड्यात तिचा माल दुसऱ्या ब्रँचवर जायला लागला आणि तिथे जायला रिक्षाचे पैसे पडतात, तेही हिशोबात धरायला हवेत.

आमच्या केंद्रात आता एक वही आहे. तेलुगू, कानडी, दख्खनी, मराठी, आणि अलीकडे इंग्रजीही. एका बाजूला ऐकलेले शब्द, दुसऱ्या बाजूला शब्दशः अर्थ आणि तो कुठल्या बाईने सांगितला. वेगवेगळ्या वस्त्यांतल्या बायका येऊन त्यात भर घालतात. मागच्या महिन्यात दोघींचं 'मुंडा' वरून चांगलंच वाजलं, एक म्हणाली आमच्यात हे आजी नातीला लाडानेही म्हणते. तेही लिहून ठेवलं आहे, कारण आरोपीचा वकील नेमकं तेच म्हणणार. ही वही तक्रार सांगायला आलेल्या बाईसमोर मात्र उघडायची नाही. तिचं सांगून आणि लिहून पूर्ण झाल्यावरच ती कपाटातून बाहेर काढायची.